पाहुण्यांसमोर वेळेची आणि मोबाईलची सूचना: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तीस वर्षं शाळेत सूत्रसंचालन केलेला माणूस म्हणून लिहितो, तुमचा सल्ला पटला नाही. पाहुणे पदरमोड करून येतात आणि त्यांच्या तोंडावर 'पाच मिनिटंच बोला' म्हणायचं? हा अपमान आहे. आणि मोबाईल बंद करा म्हटल्यावर कोण करतो? कोणाच्या घरी आजारी माणूस असतं. सुरुवातीलाच नियम वाचून समारंभाचा वर्ग कशाला करायचा?"

नमस्कार सर,

तुमच्या तीन आक्षेपांपैकी दीड मला मान्य आहे. पाहुण्यांचा परिचय झाल्याझाल्या माईकवरून त्यांना मिनिटं सांगणं उद्धटपणाच आहे. आणि 'मोबाईल बंद करावेत' हे वाक्य निरुपयोगी आहे. पण म्हणून वेळेबद्दल काहीच बोलायचं नाही, हे मात्र पटत नाही. त्यातून कोणाचा अपमान होतो ते हिशेबाने दाखवतो.

एखाद्या वाचनालयाचा वर्धापनदिन धरा. शाळेचं पटांगण, संध्याकाळी ५.३० ते ९.३०, म्हणजे २४० मिनिटं. दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत १५, पाहुण्यांचा परिचय व स्वागत १५, प्रास्ताविक १०. आठ पुरस्कार, प्रत्येकी ३ मिनिटं (नाव पुकारणं, पायऱ्या चढणं, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो), म्हणजे २४. आठ मनोगतं, पाच-पाच मिनिटांची, ४०. प्रमुख पाहुणे ३०, अध्यक्ष २०, आभार ५. उठबस आणि माईक खालीवर करण्यात १६ मिनिटं जातातच. झाली १७५. उरलेल्या ६५ मिनिटांत गाण्याची मैफल. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो, त्यामुळे राखीव वेळ फक्त ३० मिनिटं.

आता कार्यक्रम २० मिनिटं उशिरा सुरू झाला आणि प्रत्येक मनोगत पाचाऐवजी आठ मिनिटं चाललं. वाढले ४४. राखीव ३० संपून १४ कमी पडले. ते कोणाच्या वाट्याचे कापायचे? गायकाने तंबोरे लावून ठेवलेले असतात, म्हणून बहुतेक वेळा अध्यक्षांना 'जरा आवरतं घ्या' असं सांगितलं जातं आणि त्यांच्या वीस मिनिटांची सहा होतात. ज्यांच्या नावाने समारंभ, त्यांनाच उरलंसुरलं. सर, अपमान म्हणायचा तर तो हा.

म्हणून मर्यादा माईकवर पहिल्यांदा सांगायचीच नसते. ती निमंत्रणपत्रातच लिहायची, 'आपल्या मनोगतासाठी ७.०५ ते ७.१० ही वेळ राखून ठेवली आहे', आणि आदल्या दिवशी फोनवर आठवण द्यायची. सावकाश मराठी बोलताना मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. त्यामुळे पाच मिनिटं म्हणजे हाताने लिहिलेली दोन-अडीच पानं, हेही सांगून टाकावं, कारण लोक मिनिटांपेक्षा पानांचा अंदाज नेमका बांधतात. मंचावर मग हे वक्त्यांना नाही, श्रोत्यांना सांगायचं:

"आजचा कार्यक्रम चार तासांचा आहे. सव्वासहाच्या सुमारास पुरस्कार, मग मनोगतं, त्यानंतर प्रमुख पाहुणे आणि अध्यक्ष, आणि साडेआठच्या आसपास मैफल. सर्व सत्कारमूर्तींनी पाच-पाच मिनिटांत मनोगत मांडण्याचं आनंदाने मान्य केलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार."

शेवटचं वाक्य पाहा. आभार मानले म्हणजे शब्द दिल्याची जाहीर नोंद झाली, आणि कोणाला बोट दाखवलं नाही. त्यालाच आणखी एक जोडावं: "व्यासपीठावरील सर्व मान्यवरांची नावं परिचयात घेतली आहेत, तेव्हा पुढील वक्त्यांनी 'व्यासपीठ आणि श्रोतेहो' म्हणून थेट विषयाला हात घालावा." सात नावं पदांसकट घ्यायला पाऊण मिनिट लागतं, आठ वक्त्यांची सहा मिनिटं वाचतात. वक्त्यांनाही हायसं वाटतं, कारण एखादं नाव राहून गेल्याची धास्ती जाते.

पहिला वक्ता कोण ठेवता यावर बाकीचं अवलंबून असतं. पहिल्याने बारा मिनिटं घेतली की दुसऱ्याला पाच पाळायचं कारण उरत नाही. वेळ पाळणारा माणूस आधी ठेवा, मोठ्या पदाचा नंतर.

वेळ संपल्याची घंटा वाजवायची नाही. ती वक्तृत्व स्पर्धेत शोभते, सत्काराला नाही. पहिल्या रांगेतून फलक दाखवण्याची पद्धत मात्र रात्री फसते, कारण मंचावरचे दिवे वक्त्याच्या डोळ्यांवर असतात आणि खाली त्याला काळोखच दिसतो. त्यापेक्षा पोडियमवर मोठ्या आकड्यांचं टेबलघड्याळ ठेवावं. वेळ झाल्यावर निवेदकाने आपल्या जागेवरून उठून वक्त्याच्या नजरेच्या टप्प्यात नुसतं उभं राहावं. बहुतेक जण समारोपाकडे वळतात. नाहीच वळले तर चिठ्ठी, पण तीवर 'वेळ संपली' नको. 'पुढील मनोगत ७.१०' एवढंच पुरे. माईकचा आवाज उतरवणं हा उपाय नव्हे, त्याने माणूस दुखावतो आणि शिवाय ओरडून बोलत राहतो.

आता मोबाईल. दीपप्रज्वलनाआधी ही सूचना द्यायचीच नाही. समईजवळ पाहुणे उभे राहिले की अर्धं पटांगण फोटोसाठी हात वर करतं, आणि पहिल्याच मिनिटाला मोडलेली सूचना पुढे कोणी पाळत नाही. फोटो होऊ द्या, मंडळी बसू द्या, आणि प्रास्ताविकाच्या आधी सांगा. सांगताना निवेदकाने स्वतःचा फोन काढून सर्वांदेखत आवाज बंद करावा आणि वीसेक सेकंद गप्प उभं राहावं. तेवढा वेळ दिला नाही तर लोक 'नंतर करू' म्हणतात.

शब्दही नेमके हवेत. फोन सायलेंट केला तरी त्यात लावलेला गजर वाजतोच, आणि बऱ्याच फोनवर व्हिडिओचा आवाज वेगळा असतो, म्हणून व्हॉट्सॲप उघडताच कोणाची तरी लग्नाची वरात मंडपात शिरते. तेव्हा "रिंग, गजर आणि व्हिडिओचा आवाज, तिन्ही बंद" असं म्हणावं. घरी आजारी माणूस असलेल्यांना फोन बंद करायला सांगायचंच नाही. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये निवडक नंबर चालू ठेवता येतात, आणि त्याच नंबरवरून थोड्या वेळात पुन्हा आलेला कॉल वाजू देण्याची सोयही असते. त्यांना कडेची खुर्ची द्या आणि "फोन आल्यास मंडपाबाहेर जाऊन बोलावं" एवढंच सांगा. खाली वाकून, तोंडावर हात धरून 'कार्यक्रमात आहे' म्हणणारा माणूस चार रांगांना ऐकू जातो.

मंचावरच्या फोनकडे मात्र कोणी लक्षच देत नाही. लाकडी पोडियमवर ठेवलेला फोन थरथरला की ती घरघर माईक उचलतो आणि मागच्या रांगेला ध्वनियंत्रणाच बिघडल्यासारखं वाटतं. हल्ली भाषण फोनवरून वाचणारेही असतात. मधेच कॉल आला की पडद्यावरचा मजकूर झाकला जातो आणि वक्ता अर्ध्या वाक्यात अडकतो. त्यांना फोन फ्लाइट मोडवर ठेवायला सांगावं, पण माईकवरून नाही. मंचावर जाण्याआधी चहा घेताना एका कार्यकर्त्याने प्रत्येकाच्या कानाशी जाऊन सांगावं, आणि अध्यक्षांपासून सुरुवात करावी.