फोटोतला लाल दिवा: मोटरमनने सिग्नल तोडला का?

"नीट बघा! सिग्नल लाल आहे आणि मुंबईची लोकल त्याच्या शेजारून बिनधास्त चालली आहे. मोटरमनने लाल सिग्नल तोडला. त्याआधी त्याला दोन पिवळे दिसले असणार, म्हणजे एका पिवळ्यापेक्षा मोठा धोका, तरी थांबला नाही. फोटो खोटं बोलत नाही."

या दाव्यासोबत फिरणाऱ्या फोटोत लोकलचे मधले डबे सिग्नलच्या शेजारी आहेत. म्हणजे मोटरमनची केबिन हा खांब केव्हाच ओलांडून गेली आहे, आणि हा दिवा आता त्या गाडीसाठी नाहीच. गाडीचं पहिलं चाक सिग्नल ओलांडून पुढच्या रुळावर आलं की तो रूळ व्यापल्याचं ट्रॅक सर्किटला कळतं आणि सिग्नल आपोआप लाल होतो. तो मागून येणाऱ्या गाडीला अडवण्यासाठी. १२ डब्यांची लोकल सुमारे २५० मीटर लांब असते. ताशी ३० किलोमीटर वेग धरला तर ती खांबाशेजारून पूर्ण जायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात कोणीही फोटो काढला तरी तो असाच येणार: दिवा लाल, गाडी चालती. असा फोटो यंत्रणा बरोबर चालल्याची खूण आहे.

याच दाव्यासोबत कधी कधी वेगळा फोटो फिरतो. त्यात लोकलचं तोंड आपल्याकडे असतं आणि शेजारी लाल दिवाही आपल्याकडेच बघत असतो. तिथे तर रंग वाचण्याआधी दिशा वाचायला हवी. सिग्नलचा प्रकाश ज्याच्याकडे येतो, त्याच्यासाठी तो असतो. म्हणजे तुम्हाला दिवा दिसतोय तर तो तुमच्या बाजूने पुढे जाणाऱ्या गाडीचा आहे. समोरून येणाऱ्या गाडीला त्या खांबाची फक्त पाठ दिसते. तिचा स्वतःचा सिग्नल तुमच्याकडे पाठ करून उभा असेल किंवा फोटोत नसेलच.

आता दोन पिवळ्यांबद्दल, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर चार संकेतांचे स्वयंचलित सिग्नल आहेत. समजा, पुढे एक लोकल उभी आहे. तिच्या लगेच मागचा सिग्नल लाल, त्याच्या मागचा एक पिवळा, त्याच्या मागचा दोन पिवळे, आणि त्याही मागचा हिरवा. मागून येणारा मोटरमन हे उलट क्रमाने बघत येतो. हिरव्यावर तो ठरलेल्या वेगाने जातो. दोन पिवळे त्याला सांगतात की पुढचा सिग्नल कमी वेगाने ओलांडायची तयारी ठेव. एक पिवळा सांगतो की पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव. म्हणजे लालच्या जास्त जवळचा इशारा एक पिवळा हाच आहे.

हा क्रम असा ठेवण्यामागे सुरक्षेचा विचार आहे. दोन पिवळ्यांतला एक दिवा बंद पडला तर मागे एकच पिवळा उरतो, म्हणजे मोटरमनला जास्त कडक संकेत मिळतो. उलटं असतं तर एका दिव्याच्या बिघाडाने त्याला खोटी मोकळीक मिळाली असती. सगळेच दिवे विझलेले दिसले तर तो सिग्नल लालच धरायचा, असा नियम आहे.

फोटो खोटं बोलत नाही हे रंगांच्या बाबतीत मला मान्य नाही. मोबाइलचा कॅमेरा अंधारात जास्त प्रकाश घेतो आणि तेजस्वी एलईडी दिव्याचा मधला भाग पांढरा पडतो. लाल दिवाही त्यामुळे नारिंगी किंवा पिवळसर दिसू शकतो. अशा वेळी मधला ठिपका सोडून त्याच्या कडेचं वलय बघावं, आणि शक्य असेल तर कॅमेऱ्यात कमी प्रकाश घेऊन काढलेला दुसरा फोटो.

लालवर थांबलेली गाडी नंतर लालवरूनच पुढे गेली, तरी तो गुन्हा असेलच असं नाही. खांबावर पांढऱ्या पाटीवर काळं 'ए' अक्षर असेल तर तो स्वयंचलित सिग्नल. तिथे मोटरमनने थांबायचं, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट बघायची. त्यानंतर पुढे अडथळा दिसताच थांबता येईल इतक्या मंद वेगाने, पुढच्या सिग्नलपर्यंत जायला नियमाची मुभा आहे. 'ए' नसलेल्या लाल सिग्नलवर सहसा ही मुभा नाही. तिथे अधिकृत परवानगी लागते.

मग सिग्नल खरोखर तोडला हे कशावरून कळेल? पहिलं चाक खांबाशी पोहोचण्याआधीच दिवा लाल होता आणि तरी गाडी थांबली नाही, हे दाखवणारा सलग व्हिडिओ हवा. रेल्वेच्या चौकशीत तर डेटा लॉगरची नोंद काढतात. सिग्नल कोणत्या सेकंदाला लाल झाला आणि ट्रॅक सर्किट कोणत्या सेकंदाला व्यापलं, हे त्यात वेळेसह असतं. आधी सर्किट व्यापलं आणि मग दिवा लाल झाला, तर मोटरमन निर्दोष. दिवा आधीच लाल होता आणि त्यानंतर गाडी न थांबता किंवा आवश्यक परवानगीशिवाय सर्किटवर आली, तरच आरोपाला आधार आहे.