प्लेट सरकते सेंटिमीटरनं, हिमालय वाढतो मिलिमीटरनं

“भारतीय प्लेट दरवर्षी ५ सेंटिमीटर उत्तरेला घुसते आणि तेवढाच हिमालय दरवर्षी उंच होतो. मोठा भूकंप झाला की तो एकदम आणखी वर उचलला जातो. आपला सह्याद्रीही याच धडकेत उभा राहिला. सगळ्या ट्रेकर मित्रांना पाठवा!”

मोबाइलवर फिरणाऱ्या या फॉरवर्डमधल्या ५ सेंटिमीटरांचा आधी हिशोब करू. आकडा बरोबरच आहे, फक्त तो आडव्या सरकण्याचा आहे. त्यातलेही जेमतेम २ सेंटिमीटर हिमालयाच्या वाट्याला येतात. उरलेले तिबेट आणि त्याच्या उत्तरेकडच्या तिएन शानसारख्या रांगा आक्रसण्यात, आणि तिबेटचा काही भाग पूर्वेकडे रेटला जाण्यात खर्च होतात.

हे २ सेंटिमीटर ज्या भेगेवर सरकतात ती पायथ्याशी, शिवालिकच्या टेकड्यांपाशी, जमिनीवर येते आणि उत्तरेकडे हिमालयाच्या पोटात उतरत जाते. तिच्याखाली भारताचा खडक आत जातो, वर हिमालय बसलेला आहे. ही भेग बहुतेक ठिकाणी फार तिरपी नाही, साधारण १० अंश. १० अंशांच्या उतारावर २ सेंटिमीटर सरकलं तर उंचीत फरक पडतो सुमारे साडेतीन मिलिमीटर. उंच शिखरांच्या खाली मात्र ती अधिक तिरपी होते. तिथे २० अंश धरले तर ७ मिलिमीटर येतात. नेपाळमधल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं केलेल्या उंचीच्या मोजणीतही उंच रांगांच्या आसपास वर्षाला ५ ते ७ मिलिमीटर इतकाच उठाव दिसतो. त्यातूनही नद्या, हिमनद्या आणि दरडी आपला वाटा काढून घेतात. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ खाली आणतात, त्यातला बराचसा हिमालयाचाच.

एव्हरेस्टची मोजणी याहून बोलकी आहे. चीनच्या सर्वेक्षण खात्यानं २०१५ मध्ये जाहीर केलं, की आधीच्या दहा वर्षांत शिखर ईशान्येला ४० सेंटिमीटर सरकलं आणि उंची वाढली ३ सेंटिमीटर.

मग पर्वत उंच राहतो तो कशाच्या जोरावर? जाडीच्या. धडकेत भूकवचाचे तुकडे एकमेकांवर चढतात, घड्या पडतात आणि कवच जाड होतं. आपल्या दख्खनखाली ते ३५ ते ४० किलोमीटर आहे, तिबेटखाली सुमारे ७०. पाण्यावर जाड ओंडका पातळ फळीपेक्षा वर दिसतो आणि बुडतोही जास्त, तसंच हे हलकं कवच खालच्या जड प्रावरणावर तरंगतं. कवचाची घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ धरा. ३५ किलोमीटर जास्तीची जाडी आली, तर जमीन वर येईल ३५ गुणिले (३.३ वजा २.८) भागिले ३.३, म्हणजे सुमारे ५.३ किलोमीटर. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची ५ किलोमीटरच्या आसपास आहे. बाकीची ३० किलोमीटर जाडी खाली, मुळासारखी प्रावरणात रुतलेली असते.

या मुळाचा पहिला सुगावा भारतातच लागला. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीत कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठाण्यांच्या अक्षांशांमधलं अंतर जमिनीवर मोजून एक येत होतं आणि ओळंबा धरून ताऱ्यांवरून दुसरं. फरक ५.२३६ विकलांचा होता; एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, हे कलकत्त्यातला पाद्री आणि गणिती जॉन प्रॅट याला उघड होतं. पण त्यानं ती ओढ गणितानं काढली तर ती १५.८८५ विकला आली, म्हणजे तिप्पट. डोंगर दिसतो मोठा, पण ओढतो कमी. १८५५ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एरीनं याचं उत्तर सुचवलं: डोंगराखाली जड द्रव्याच्या जागी हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं आहे, म्हणून एकूण ओढ कमी पडते. फॉरवर्डमध्ये हे मूळच गायब आहे, आणि ते काढलं की धडकेतून उंची कशी येते हे समजूच शकत नाही.

उंचीला मर्यादाही इथूनच येते. जाड कवचाचा तळ तापून मऊ होतो आणि वरचं वजन पेलेनासा होतो. मग पठार आडवं पसरू लागतं. दक्षिण तिबेटमध्ये उत्तर-दक्षिण पसरलेल्या खचदऱ्या आहेत. तिथली जमीन पूर्व-पश्चिम ताणली जातेय, म्हणून त्या पडल्या आहेत. धडक चालू असतानाच हे घडतंय.

आता भूकंप. दोन भूकंपांच्या मधल्या काळात भेगेचा दक्षिणेकडचा, कमी खोलीचा भाग अडकून बसलेला असतो. खोलवरचा भाग मात्र सरकत राहतो, त्यामुळे मधला खडक दाबला जाऊन उंच रांगांची जमीन हळूहळू फुगते. भूकंपात अडकलेला भाग सुटतो, पुढची बाजू दक्षिणेला आणि वर जाते, आणि मागे फुगलेली जमीन खाली बसते. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात (तीव्रता ७.८) हेच मोजलं गेलं: काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर वर आला आणि उत्तरेकडच्या उंच रांगांचा काही भाग अर्ध्या मीटरच्या आसपास खचला. एव्हरेस्ट पूर्वेला लांब असल्यानं नैऋत्येला ३ सेंटिमीटर सरकण्यापलीकडे त्याला फारसं काही झालं नाही. हजारो वर्षांची गोळाबेरीज उठावाचीच निघते, पण एखादा भूकंप उंच शिखरांना खालीही बसवू शकतो.

राहिला सह्याद्री. याची शहानिशा पुण्यातून कुणालाही करता येते. सिंहगडाच्या कड्याकडे लांबून नीट पाहा. कातळाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक आणि जवळजवळ आडवे आहेत. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक किंवा अनेक प्रवाह. घाटरस्त्यांसाठी कापलेल्या कातळात दोन प्रवाहांच्या मध्ये लाल मातीचा पट्टाही कुठे कुठे दिसतो. खालचा लाव्हा थंड होऊन त्याची माती होऊ लागली होती आणि तिच्यावर पुढचा प्रवाह आला. धडकेतल्या पर्वतात थर असे शांत पडलेले नसतात. ते वाकतात, उभे होतात आणि कित्येकदा जुना थर नव्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आहे, ४५ कोटी वर्षांहून जुना.

काळही जुळत नाही. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला, तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आशियाशी धडक सुरू झाली सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. मधल्या काळात पश्चिमेला सेशेल्सचा तुकडा फुटून दूर गेला, भारताला नवा किनारा मिळाला, आणि त्या बाजूनं पठार झिजत कडा पूर्वेकडे मागे सरकला. सह्याद्री म्हणजे पठाराची ही झिजलेली कड. म्हणूनच पुण्याहून ताम्हिणीकडे जाताना चढ बेताचाच लागतो आणि पुढे जमीन एकदम कोकणात कोसळते. आणि म्हणूनच अरबी समुद्र इतका जवळ असूनही मुळा, मुठा आणि भीमा त्याच्याकडे पाठ करून बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतात.

धडकेचा जोर महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो, हे मात्र खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला होता, म्हणजे जमीन दाबली जात होती. पण हा जोर जुन्या भेगा अधूनमधून हलवण्यापुरता आहे. इथलं कवच त्यानं दुप्पट जाड केलेलं नाही.