शब्द ट्रायलचा, पण नोंद कोणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

"मॅडम, काउंटरवर औषधं देणाऱ्या मुलांना 'ड्रग अकाउंटेबिलिटी' आणि 'एसएई रिपोर्टिंग' असे शब्द रेझ्युमेत लिहायला शिकवणं ही शुद्ध फसवणूक आहे. मी बारा वर्षं साइट्सवर मॉनिटरिंग करतोय. असे रेझ्युमे सतत येतात आणि मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडे पडतात. हॉस्पिटलच्या फार्मसीत ट्रायल होत नाही, मग ट्रायलची भाषा कशाला?"

सर, हॉस्पिटल फार्मासिस्टने क्लिनिकल ट्रायलच्या नोकरीसाठी रेझ्युमे कसा लिहावा, या माझ्या लेखावरची ही तुमची प्रतिक्रिया. सगळ्यात आधी एसएईबद्दल, म्हणजे ट्रायलमध्ये घडलेल्या गंभीर प्रतिकूल घटना कळवण्याबद्दल. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. ते का, हे पुढे सविस्तर लिहिते. पण अकाउंटेबिलिटीच्या, म्हणजे प्रत्येक औषधाचा हिशेब ठेवण्याच्या बाबतीत मला तुमचं म्हणणं पटत नाही.

ज्या मुलीच्या रेझ्युमेचा सारांश मी त्या लेखात नमुना म्हणून दिला होता, ती पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये सहा वर्षं फार्मासिस्ट आहे. त्यातली तीन वर्षं तिच्याकडे ओटी फार्मसी होती, म्हणजे फेंटानिल आणि मॉर्फिनचं कुलूपबंद कपाट आणि त्याचं रजिस्टर. तिच्या जुन्या रेझ्युमेत या कामाबद्दल एवढंच होतं: 'नार्कोटिक औषधांचा साठा सांभाळणे.' ही ओळ वाचून कोणालाही वाटेल की ती कपाटाची राखण करत होती.

प्रत्यक्षात तिचा दिवस कसा जायचा ते सांगते. सकाळी आधीच्या शिफ्टबरोबर समोरासमोर मोजणी व्हायची आणि दोघांच्या सह्या पडायच्या. ओटीचं इंडेंट आलं की रुग्णाचं नाव, आयपी नंबर, बॅच, किती अँप्युल दिल्या, कोणी नेल्या आणि किती उरल्या, हे सगळं त्याच क्षणी रजिस्टरमध्ये चढायचं. संध्याकाळी रिकाम्या अँप्युल परत यायच्या आणि त्या दिलेल्या संख्येशी जुळवायच्या. दोन मिलिच्या अँप्युलमध्ये १०० मायक्रोग्रॅम फेंटानिल असतं. रुग्णाला ७० दिलं असेल, तर उरलेलं ३० साक्षीदारासमोर टाकून त्याचीही नोंद व्हायची.

एकदा दहा अँप्युल गेल्या आणि नऊच रिकाम्या परत आल्या. तिने 'फुटली असेल' असं लिहून पान मिटवलं नाही. त्या दिवसाच्या सगळ्या केसेसचे ॲनेस्थेशिया चार्ट काढले आणि प्रत्येक चार्टवरचा डोस बेरजेला घेतला. बेरीज दहाव्या अँप्युलसकट बरोबर जुळली, म्हणजे औषध रुग्णाला गेलं होतं, रिकामी काच तेवढी हरवली होती. ती रिकव्हरी रूमच्या शार्प्सच्या डब्यात सापडली. रजिस्टरमध्ये तिने आधी 'परत ९' लिहिलं होतं. ते तिने खोडून काढलं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, वर १० लिहिलं, शेजारी कारण, तारीख, वेळ आणि सही. ९ चा आकडा आजही त्या पानावर वाचता येतो.

तुमच्या साइटवरचा संशोधन औषधाचा लॉग यापेक्षा कितीसा वेगळा असतो? आलं, दिलं, परत आलं, नष्ट झालं, उरलं. बॅच, एक्सपायरी, कोणी दिलं, कधी दिलं. नोंद ज्याची त्याची, वाचता येणारी, त्याच वेळची, मूळ आणि अचूक असावी, हे 'अल्कोआ'चे पाचही निकष त्या पानाला लावून बघा. ही मुलगी 'अकाउंटेबिलिटी' लिहिते तेव्हा ती उसना शब्द घेत नाही. तेच काम तिने दुसऱ्या नावाने केलेलं आहे.

फरक आहे, आणि तो लपवायचा नाही हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये मोजणी चोरी आणि गैरवापर रोखण्यासाठी असते. ट्रायलमध्ये मोजणीला दुसरा अर्थही असतो. रुग्णाला ७० गोळ्या दिल्या, दिवसाला दोन घ्यायच्या आणि तो २८ दिवसांनी आला, तर ५६ संपून १४ परत यायला हव्यात. परत २० आल्या, म्हणजे ५० गेल्या, म्हणजे अनुपालन ८९ टक्के. रुग्ण तीन दिवस गावाला गेला होता की मळमळ होते म्हणून संध्याकाळची गोळी टाळत होता, हे तिथे विचारावं लागतं, कारण दुसऱ्या उत्तरातून कदाचित एक प्रतिकूल घटना नोंदवायची निघते. शिवाय रिकामी पट्टी म्हणजे गोळी पोटात गेली याचा पुरावा नव्हे. हे सगळं फेंटानिलच्या रजिस्टरमध्ये नसतं. म्हणून तिच्या सारांशात 'नियंत्रित औषधांची अकाउंटेबिलिटी' असं आहे, 'संशोधन औषधांची' असं नाही. तो एक शब्द गाळला असता तर तुमचा आरोप मी मान्य केला असता.

आता सुरक्षा तपासणीकडे येते. माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात.

तिचीच एक केस घ्या. ७८ वर्षांच्या आजी, वजन ४६ किलो, क्रिएटिनिन १.६. इनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ दिवसातून दोनदा असं लिहून आलं. वजनाच्या हिशेबाने डोस ठीक दिसतो. पण तिने किडनीचा हिशेब केला. १४० मधून वय वजा केलं की ६२. त्याला ४६ ने गुणून ७२ गुणिले १.६ ने भागलं की साधारण २४.८, आणि स्त्री रुग्ण म्हणून त्याला ०.८५ ने गुणलं की २१. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० मिलि प्रति मिनिटाच्या खाली गेला की हे औषध उपचाराच्या डोसमध्ये दिवसातून एकदाच द्यायचं असतं, नाहीतर ते साठत जातं आणि रक्तस्राव होऊ शकतो. तिने रेसिडेंटला फोन केला, डोस दिवसातून एकदा झाला आणि इंटरव्हेन्शन रजिस्टरला नोंद झाली. आजींना चुकीचा डोस गेलाच नाही.

हे संशोधनाच्या भाषेत कसं लिहायचं? माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत यासाठी 'प्रतिकूल घटना ओळखली' असं असतं. कधी तर 'प्रोटोकॉल डेव्हिएशन पकडलं' असंही असतं. दोन्ही चूक. प्रतिकूल घटना घडायला रुग्णाला काहीतरी व्हावं लागतं, आणि इथे काहीच झालं नाही. ही नियर मिस आहे, म्हणजे थोडक्यात टळलेली चूक. आणि प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलची ठरलेली कार्यपद्धती, मुळात नव्हताच, तर डेव्हिएशन कुठून येणार? बरोबर ओळ अशी: 'औषध देण्यापूर्वी वय, वजन आणि मूत्रपिंडाच्या कार्यानुसार डोसची पडताळणी, विसंगती डॉक्टरांना कळवून निष्पत्तीसह नोंद.' साइटवर को-ऑर्डिनेटर डोस देण्याआधी लॅब रिपोर्ट काढून प्रोटोकॉलमधल्या डोस कमी करण्याच्या निकषाशी ताडून बघते. कौशल्य तेच आहे, फक्त निकष कुठून येतो ते बदलतं. मॉनिटर म्हणून तुम्हाला हे वाचल्यावर विचारावंसं वाटेल, "एखादी केस सांगा." तिच्याकडे आजी आहेत, आकड्यांसकट.

आता माझी चूक. मूळ सारांशात मी 'एसएई रिपोर्टिंगचा अनुभव' असं लिहू दिलं होतं. माझ्या डोळ्यासमोर तिने भरलेले एडीआर, म्हणजे औषधाच्या प्रतिकूल प्रतिक्रियेचे फॉर्म होते, जे हॉस्पिटलमधल्या केंद्रामार्फत भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे, म्हणजे गाझियाबादच्या राष्ट्रीय समन्वय केंद्राकडे जातात. काम खरं आणि महत्त्वाचं, पण ते एसएई रिपोर्टिंग नव्हे. बाजारात असलेल्या औषधाबद्दलचा तो स्वेच्छेने केलेला अहवाल आहे. एसएई ट्रायलमध्ये घडते, आणि २०१९ च्या नियमांनुसार ती २४ तासांच्या आत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवण्याची जबाबदारी इन्व्हेस्टिगेटरची असते. तिथे घड्याळ लागलेलं असतं. तिच्या फॉर्मला तसं घड्याळ नव्हतं, आणि ते असल्यासारखं लिहिणं म्हणजे तुम्ही म्हणता तीच फसवणूक.

यातला एक भाग मात्र मी सोडणार नाही. तिच्या एका फॉर्ममध्ये ५४ वर्षांचे गृहस्थ आहेत. व्हँकोमायसिनचा १ ग्रॅमचा डोस किमान एका तासात द्यायचा, तो वीस मिनिटांत गेला. चेहरा आणि मान लालबुंद, प्रचंड खाज, घरचे घाबरलेले. ड्रिप थांबवली, नंतर दोन तासांवर नेऊन पुन्हा दिली आणि काही झालं नाही. वॉर्डातल्या नर्सने 'सीरियस' वर खूण करायला सांगितली, तिने केली नाही. मृत्यू नाही, जीवाला धोका नाही, मुक्काम वाढला नाही, कायमचं अपंगत्व नाही. प्रतिक्रिया दिसायला भीतीदायक होती, पण व्याख्येप्रमाणे गंभीर नव्हती. तीव्रता आणि गांभीर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला फॉर्म भरता भरता कळलेलं आहे. खराडी-हिंजवडीकडच्या सेफ्टी टीममध्ये नव्याने लागलेल्या मुलांना ट्रेनिंगमध्ये हेच पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं.

म्हणून आता सारांश असा आहे. रेझ्युमे अर्थातच इंग्रजीत जातो, इथे आशय मराठीत देते:

'सहा वर्षांचा अनुभव असलेली हॉस्पिटल फार्मासिस्ट, क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटर पदासाठी. तीन वर्षं ओटीतील नियंत्रित औषधांची अकाउंटेबिलिटी: पावती, वितरण, परतावा, साक्षीदारासमोर नाश आणि तफावतींचा छडा. औषध देण्यापूर्वी लॅब रिपोर्टनुसार डोसची पडताळणी व नोंद. संशयित एडीआरचे अहवाल, गांभीर्याच्या निकषांसह, हॉस्पिटलच्या केंद्रामार्फत सादर. २ ते ८ अंशांच्या साठ्याची तापमान नोंद आणि बिघाड झाल्यास साठा वेगळा ठेवण्याचा अनुभव. जीसीपीच्या तिसऱ्या सुधारित आवृत्तीचं प्रशिक्षण पूर्ण. ट्रायल साइटवरील प्रत्यक्ष अनुभव नाही.'

शेवटचं वाक्य ठेवू नकोस, असं तिला घरच्यांनी आणि दोन मैत्रिणींनी सांगितलं. मी ठेवायला लावलं. संमतीप्रक्रिया, रँडमायझेशन, ब्लाइंडिंग, ईसीआरएफ या ट्रायलच्या इलेक्ट्रॉनिक फॉर्ममधल्या क्वेरी यातलं तिने काही केलेलं नाही, आणि ते वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळावं. तापमानाच्या ओळीवर तुम्ही तिला एक प्रश्न जरूर विचारा: फ्रिज रात्री ११ अंशांवर गेला तर औषध वापरायचं की नाही हे कोण ठरवणार? हॉस्पिटलमध्ये तिने उत्पादकाकडून माहिती मागवली आणि निर्णय फार्मसीने घेतला. ट्रायलमध्ये साठा बाजूला ठेवून प्रायोजकाला कळवायचं आणि उत्तर येईपर्यंत एकही किट द्यायचं नाही. हा फरक तिला माहीत आहे.

तुमचे ते दोन प्रश्न कोणते, ते इथे लिहाल का? माझा अंदाज आहे की त्यातला एक 'रजिस्टरमध्ये चूक झाली तर काय करता' हा असणार. व्हाइटनर म्हणणारी मुलं मीही पाहिली आहेत, आणि त्यांना मी हा सारांश वापरू देत नाही.

मूळ लेखातली एसएईची ओळ मी काढून टाकलेली नाही. त्यावर रेघ मारली आहे, वाचता येईल अशी. खाली नवी ओळ, आजची तारीख आणि 'एका मॉनिटरच्या आक्षेपानंतर दुरुस्त' असं कारण लिहिलं आहे.