टूरबियाँ: खिशातल्या घड्याळाचा प्रश्न, मनगटावरचं उत्तर

"टूरबियाँ असलेलं घड्याळ खरंच जास्त अचूक वेळ दाखवतं का?"

खिशातल्या घड्याळात हो, मनगटावर फारसं नाही. घड्याळकार ब्रेगेने 1801 मध्ये टूरबियाँचं पेटंट घेतलं तेव्हा घड्याळ दिवसभर खिशात उभं असायचं. मागेपुढे डोलून घड्याळाची लय ठरवणाऱ्या चाकाची, म्हणजे बॅलन्स व्हीलची, एक बाजू किंचित जड असली, की उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षण ते सतत एकाच दिशेने ओढतं आणि घड्याळ रोज तितकंच पुढे किंवा मागे जातं. समजा, चार उभ्या स्थितींमधली रोजची चूक +8, +2, −6 आणि 0 सेकंद आहे. टूरबियाँत हे बॅलन्स व्हील, त्याला डोलवणारी बारीक हेअरस्प्रिंग आणि त्याला ठोक्याठोक्याने ऊर्जा देणारी एस्केपमेंट एका पिंजऱ्यात बसवून तो बहुधा मिनिटाला एकदा फिरवतात. मग घड्याळ कसंही उभं ठेवा, सरासरी +1 च्या आसपास राहते आणि ती जुळवून घेता येते. आडव्या स्थितीतला फरक मात्र तसाच राहतो.

मनगट तर दिवसभर स्थिती बदलतच असतं. त्यामुळे वेग नीट जुळवलेलं साधं यांत्रिक घड्याळ पुरतं. ते दिवसा पुढे जात असेल, तर रात्री वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून सकाळी तपासा. एखाद्या बाजूवर ते बहुधा मागे पडतं आणि हिशेब जुळतो. तो पिंजरा घडवणारे हात मला फार मोठे वाटतात, पण टूरबियाँचे पैसे त्या कारागिरीचे आहेत, अचूकतेचे नाहीत.