१.१० व्होल्ट, मोरचूद आणि बॅटरीत ओतलेले ॲसिड

“सेलचे व्होल्टेज पुस्तकात दिलेले असते आणि तेवढेच आले पाहिजे, डॅनियल सेल १.१० व्होल्ट दाखवत नसेल तर रसायने भेसळीची समजा. द्रावण दुप्पट तीव्र केले की व्होल्टेज दुप्पट होते. सेल गार पडला की व्होल्टेज उतरते, म्हणूनच थंडीत बॅटरी बसते. बॅटरी उतरली असेल तर थोडे तीव्र ॲसिड घाला. मीटर लगेच वर जातो आणि बॅटरी नव्यासारखी होते.”

हा मजकूर गेले काही दिवस फिरतो आहे आणि तो माझ्या बहिणीच्या घरीही पोहोचला. माझ्या भाचीने प्रयोगवहीत लिहिलेले १.०७ खोडून त्यावर १.१० लिहिले, आणि तिच्या वडिलांनी घरातल्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी ॲसिडची बाटली आणून ठेवली. पहिल्या गोष्टीचे वाईट वाटले, पण दुसरीने झोप उडाली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी भाचीच्या वहीकडे वळतो. डॅनियल सेल बनवताना तिने जस्ताची पट्टी १ मोल प्रतिलिटर झिंक सल्फेटमध्ये आणि तांब्याची पट्टी ०.०१ मोल प्रतिलिटर मोरचुदाच्या द्रावणात बुडवली होती. मध्ये दोन्ही द्रावणांना जोडणारा क्षारसेतू होता आणि मीटर १.०७ व्होल्टवर स्थिर होता. पुस्तकातला १.१० हा आकडा प्रमाण स्थितीचा आहे: जस्त आणि तांबे या दोन्हींच्या आयनांची सक्रियता, म्हणजे प्रभावी प्रमाण, १, आणि तापमान २५ अंश सेल्सिअस. तिच्या दोन पात्रांत ती स्थिती नव्हती, त्यामुळे तो आकडा येणे अपेक्षितच नव्हते. प्रमाण स्थितीपासून दूर गेल्यावर काय होते, हे रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्येच मांडले आहे:

```
E = E° − (RT/nF) ln Q
```

E म्हणजे मिळणारे व्होल्टेज, E° म्हणजे प्रमाण स्थितीतले व्होल्टेज, T म्हणजे तापमान, आणि R व F हे स्थिरांक. डॅनियल सेलमध्ये Q म्हणजे द्रावणातील जस्ताच्या आयनांचे तांब्याच्या आयनांशी असलेले गुणोत्तर, आणि n म्हणजे २, कारण जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. २५ अंशांवर याचा अर्थ एवढाच, की हे गुणोत्तर दहापट झाले की व्होल्टेज सुमारे ३० मिलिव्होल्टने उतरते आणि दहाव्या हिश्शावर आले की तेवढेच चढते. सूत्रात गुणोत्तराचा लॉगरिदम आहे, खुद्द गुणोत्तर नाही, म्हणून बदल इतका सौम्य असतो.

आता भाचीचे आकडे घालून पाहू. नुसती तीव्रता घेतली तर १ भागिले ०.०१ म्हणजे १००, अर्थात दोन दशपटी, म्हणून ६० मिलिव्होल्टची घट आणि उत्तर १.०४. तिच्या मीटरवर मात्र १.०७ होते. भेसळीची शंका घेणाऱ्याला इथे आयते निमित्त मिळेल, पण कारण वेगळेच आहे. दोन धनप्रभारांचे धातू-आयन आणि दोन ऋणप्रभारांचे सल्फेट आयन एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि द्रावण जितके दाट तितकी ही पकड अधिक. १ मोलच्या द्रावणात सक्रियता गुणांक, म्हणजे तीव्रतेचा प्रभावी हिस्सा, सुमारे ०.०४ पर्यंत खाली येतो, तर ०.०१ मोलच्या द्रावणात तो सुमारे ०.४ असतो. म्हणजे जस्ताच्या बाजूला प्रभावी प्रमाण ०.०४ आणि तांब्याच्या बाजूला ०.००४, म्हणून गुणोत्तर शंभर नव्हे, दहा. एक दशपट, ३० मिलिव्होल्ट, आणि १.१० मधून ते वजा केल्यावर १.०७. क्षारसेतूच्या टोकांशी एखाद-दोन मिलिव्होल्ट इकडेतिकडे होतात, तेवढी मोकळीक धरूनही तिने खोडलेला आकडाच बरोबर होता.

फिरणाऱ्या मजकुराच्या पहिल्या वाक्यात अर्धे सत्य आहे, आणि ते मी नाइलाजाने का होईना मान्य करतो. दोन्ही द्रावणे सारख्याच तीव्रतेची असतील, तर ती १ मोलची असोत की ०.०१ ची, गुणोत्तर एकाच्या जवळपास राहते आणि मीटर १.१० च्या आसपासच थांबतो. बहुतेक प्रयोगशाळांत असेच केले जाते, म्हणून तो आकडा अटळ वाटू लागतो. शिवाय खराब जस्तपट्टीने वाचन बिघडते हेही खरे. पण ते ओळखता येते: पट्टीवर ऑक्साइडचा थर असेल तर आकडा सरकत राहतो आणि पट्टी पॉलिशपेपरने घासली की बदलतो. तीव्रतेमुळे आलेला फरक घासून जात नाही. तो मोरचुदाचे द्रावण बदलल्यावरच जातो. भाचीने माझ्यासमोर ०.०१ च्या जागी १ मोलचे द्रावण घेतले, आणि त्याच पट्ट्यांवर, त्याच मीटरवर १.१० आले.

दुपटीच्या विधानावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. मोरचुदाचे द्रावण दुप्पट तीव्र केल्यास सूत्रानुसार जेमतेम ९ मिलिव्होल्ट वाढतात, आणि वर सांगितलेल्या पकडीमुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. व्होल्टेज खरोखर दुप्पट करायचे तर तांब्याच्या आयनांचे प्रमाण जस्ताच्या तुलनेत एकावर सदतीस शून्ये इतके पट व्हावे लागेल, आणि साध्या तापमानाला मोरचूद पाण्यात लिटरमागे दीड मोलसुद्धा विरघळत नाही.

तापमानाविषयीचे वाक्य मात्र डॅनियल सेलच्या बाबतीत दिशेतच चुकले आहे. तापमानाने व्होल्टेज चढेल की उतरेल, हे अभिक्रियेत एन्ट्रॉपी, म्हणजे कणांची विस्कळीतता, वाढते की घटते यावर ठरते. डॅनियल सेलमध्ये ती किंचित घटते, म्हणून त्याचे प्रमाण व्होल्टेज अंशामागे सुमारे ०.१ मिलिव्होल्ट या हिशेबाने तापल्यावर उतरते आणि गारठल्यावर चढते. २५ अंशांवरचा सेल ५ अंशांवर नेला तर दोनेक मिलिव्होल्ट वाढतील. साध्या मीटरवर तेही जेमतेम दिसेल.

याचा सर्वात भक्कम पुरावा म्हणजे वेस्टन सेल. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात व्होल्टचे प्रमाण म्हणून जगभरच्या मापन संस्था हाच सेल सांभाळत होत्या. २० अंशांवर तो १.०१८३ व्होल्ट देतो आणि त्या तापमानाच्या आसपास अंशामागे सुमारे ०.०४ मिलिव्होल्टने उतरतो. एवढ्याशा घसरणीसाठीही तो स्थिर तापमानाच्या कुंडात ठेवला जाई, आणि त्यात कॅडमियम सल्फेटचे स्फटिक मुद्दाम शिल्लक ठेवलेले असत, म्हणजे द्रावण कायम संपृक्त राहावे आणि तीव्रता हलू नये. व्होल्टेज पुस्तकातला ठरीव आकडा असते, तर ना कुंडाची गरज होती ना स्फटिकांची. त्याआधीचा क्लार्क सेल अंशामागे एक मिलिव्होल्टहून अधिक सरकत असे, आणि तो मागे पडण्याचे हे एक मोठे कारण होते.

मग थंडीत बॅटरी बसते ती का? लेड-ॲसिड बॅटरीत गारव्याने व्होल्टेज उतरते हे खरे आहे, पण किती? एका घटाला अंशामागे सुमारे ०.२ मिलिव्होल्ट. सहा घटांची बॅटरी २० अंशांनी गार झाली तर २४ मिलिव्होल्ट, १२.७० चे १२.६८. एवढ्याने काहीही अडत नाही. अडते ते प्रवाह ओढताना: गार द्रावणात आयन मंदावतात, ॲसिड प्लेटांच्या छिद्रांत वेळेवर पोहोचत नाही, अंतर्गत रोध वाढतो आणि भार लावताच टोकांवरचे व्होल्टेज कोसळते. भार काढून थोडे थांबल्यावर मीटर पुन्हा जवळपास मूळ जागी येतो. कोणतीही गार बॅटरी आधी भाराविना आणि मग भारासह मोजली, की दोष कुठे आहे ते दिसते.

आता ॲसिडची बाटली. हे वाक्य सर्वांत घातक आहे, कारण ॲसिड ओतल्यावर मीटर खरोखरच वर जातो आणि माणसाची खात्री पटते. कामाचा ठोकताळा असा, की विश्रांतीतल्या एका घटाचे व्होल्टेज म्हणजे ॲसिडची सापेक्ष घनता अधिक ०.८४. उतरलेल्या बॅटरीत घनता १.१५ असेल तर घटामागे १.९९, सहा घटांचे ११.९४ व्होल्ट. तीव्र ॲसिड घालून घनता १.२५ केली की घटामागे २.०९ आणि एकूण १२.५४. नेर्न्स्टचे सूत्र इथेही चोख चालते, पण वाढलेले ०.६ व्होल्ट ही साठलेली वीज नव्हे.

बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधले सल्फेट प्लेटांवर लेड सल्फेट म्हणून जाऊन बसते आणि द्रावणात पाणी वाढते. घनता कमी होण्याचे कारण हेच. बाहेरून ॲसिड ओतल्याने प्लेटांवरचे सल्फेट जागचे हलत नाही, म्हणजे वीज देणारे शिसे आणि लेड डायऑक्साइड होते तेवढेच राहतात. भार लावला की बॅटरी तशीच बसते. त्यानंतर चार्जिंग केले की प्लेटांवरचे सल्फेट सुटून ॲसिडमध्ये परत येते आणि ओतलेल्या ॲसिडात भर पडते. जी घनता १.२८ वर थांबायची ती १.३८ च्या घरात जाते. इतके तीव्र ॲसिड धन प्लेटांच्या जाळ्या खाऊन टाकते, आणि त्या दिवसापासून घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवरही विश्वास ठेवता येत नाही, कारण अर्धी उतरलेली बॅटरीही तो भरलेली दाखवतो. ओतताना उष्णतेने ॲसिड उसळून डोळ्यांत गेले, तर होणारी इजा भरून येणारी नसते.

द्रावणाची पातळी खाली गेली असेल तर गेलेले असते ते पाणी. ॲसिड आतच राहते. म्हणून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे. अपवाद एकच: बॅटरी उपडी होऊन ॲसिड सांडले असेल, तर ती पूर्ण चार्ज केल्यावर त्याच घनतेचे तयार ॲसिड जाणकाराकडून भरून घ्यायचे.

बहिणीकडच्या बॅटरीचे आम्ही हेच केले. ती पूर्ण चार्ज केली, रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी सहाही घटांची घनता घेतली. पाच घट १.२७ च्या आसपास होते आणि एक १.१८ वर अडकला होता. त्या एका घटात दोष आहे. तो ॲसिडने जाणारा नाही, बॅटरी बदलावी लागेल. बाटली सीलबंद असतानाच दुकानात परत गेली, आणि भाचीने वहीत १.१० वर रेघ मारून पुन्हा १.०७ लिहिले आहे, शेजारी दोन्ही द्रावणांच्या तीव्रतांसह.