माईक सुखासुखी सोडू नका

परिचयाचं शेवटचं वाक्य म्हणजे सूत्रसंचालकाच्या हातातली शेवटची सत्ता. ती सात-आठ शब्दांत उधळून टाकणारे अरसिक लोक असतात. ते विषय सांगतात, नाव घेतात, टाळी वाजवतात आणि बाजूला होतात. घरी जाताना श्रोत्यांना त्यांचा चेहराही आठवत नाही. तुम्हाला हे परवडणारं नाही.

सगळ्यात आधी वक्त्याच्या नावाचा बंदोबस्त करा. टाळी पडते ती नावावर. नाव वाक्याच्या टोकाला आलं की लोक आपोआप टाळ्या वाजवतात आणि वक्ता उठतो, मग तुम्हाला कोण विचारतंय? म्हणून नाव वाक्याच्या पोटात दडवायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हे काम आयतंच होतं.

समजा, व्याख्यानाचा विषय आहे ‘विहिरी का आटतात’ आणि बोलणार आहेत एक भूजलतज्ज्ञ बाई. तुम्ही म्हणा, “तर मी आता डॉक्टर अमुक यांना विनंती करतो की त्यांनी माईकपाशी यावं आणि ‘विहिरी का आटतात’ या विषयावरचे आपले मौलिक विचार मांडून आपल्या सर्वांना उपकृत करावं, अशी मी त्यांना विनंती करतो.” बघा काय काय साधलं. नाव पाचव्या शब्दालाच येऊन गेलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या सुरू केल्या, तुम्ही थांबेनात म्हणून ओशाळून हात खाली घेतले. बाई नावाला अर्ध्या उठल्या, ‘माईकपाशी’ला पूर्ण उठल्या, आणि ‘उपकृत’ येईपर्यंत तुमच्या खांद्यामागे येऊन अवघडून उभ्या राहिल्या. शेवटी वाक्य संपलं ते ‘करतो’वर. ‘करतो’वर टाळ्या वाजवायला लोक काही वेडे नाहीत. शिवाय विनंती दोनदा झाली, ती वेगळीच.

याउलट कुणी म्हणालं, “विहिरी का आटतात, हे आज आपल्याला सांगणार आहेत, भूजलतज्ज्ञ डॉक्टर अमुक!” की खेळ खलास. विषय आधी, नाव सगळ्यात शेवटी, त्याच्यामागे ‘यांना’, ‘यांनी’ असं शेपूट नाही. आवाज नावावर चढतो आणि तिथेच थांबतो, त्यामुळे टाळी कुठे वाजवायची हे शेवटच्या रांगेलाही कळतं. असली वाक्यं पाठ करावी लागतात, म्हणजे नाव घेताना नजर कागदावर नको, श्रोत्यांकडे हवी. एवढे कष्ट कशाला?

नजरेचं आणखी सोपं आहे. नाव उच्चारतानाच मान वक्त्याकडे वळवा. दिसायला फार आदबशीर दिसतं. तोंड माईकसमोरून सरकतं आणि आडनाव फक्त मागच्या पडद्याला ऐकू जातं. आडनावाचा उच्चार आधी विचारून घेतला नसेल तर हा उपाय तुमच्या अब्रूचाही आहे.

शेवटचं वाक्य एकच असावं असाही काही नियम नाही. “वक्ते आणि तुम्ही यांच्यामध्ये मी फार वेळ उभा राहणार नाही” असं म्हणा आणि उभे राहा. त्यामागून “जाता जाता एकच सांगतो”. प्रत्येक वेळी बाई खुर्चीच्या कडेला सरकतील आणि पुन्हा मागे टेकतील. याच मोकळ्या वेळात त्यांच्या भाषणाचा सारांशही देऊन टाका: “पावसाचं जितकं पाणी जमिनीत मुरतं, त्याहून जास्त आपण उपसतो, म्हणून विहिरी आटतात, हेच त्या आपल्याला सांगतील.” आता त्यांना ‘बरोबर’ म्हणून बसायलाही हरकत नाही. त्या बसणार नसतील तर “आज त्या तुम्हाला पोट धरून हसायला लावतील” अशी पुस्ती जोडा. आटलेल्या विहिरींवर हसवायचं कसं, ते त्यांचं त्या बघून घेतील.

उरला प्रश्न तुमच्या पायांचा. वक्ता पोहोचेपर्यंत माईकपाशी थांबायचं, टाळ्या स्वतः वाजवत ठेवायच्या, तो आला की मागच्या मागे निघायचं, असं जुने लोक करत. त्याने टाळ्या थेट माईकपर्यंत टिकतात. तुम्ही नाव घेतल्याबरोबर लगबगीने निघा, आणि तेही वक्ता येतो त्याच बाजूने. अरुंद जागेत दोघं आधी डावीकडे, मग दोघं उजवीकडे सरकाल. तोवर टाळ्या विरलेल्या असतील आणि बाईंना शेवटची चार पावलं शांततेत, स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकत चालावी लागतील. माईकचं बटण मात्र आठवणीने बंद करून जा, सवय चांगली आहे.

त्या बटण शोधतील, माईक ठोकून बघतील, ‘येतोय का आवाज?’ विचारतील, मग ‘नमस्कार’ म्हणतील. हाच तुमचा क्षण. अर्ध्या वाटेवरून परत फिरा, “एक मिनिट हं, मॅडम” म्हणत माईक पुन्हा हातात घ्या आणि दारात आडव्या लावलेल्या पांढऱ्या गाडीचा नंबर सावकाश, दोनदा वाचून दाखवा.