लंबकाच्या जर्नलात ९.८ ‘बसवण्या’आधी

> “सिंपल पेंड्युलमचं जर्नल दहा मिनिटांत! १) g = ९.८ धरून वेळ उलटा काढा, तक्ता परफेक्ट येतो. २) ग्राफची रेषा शून्यातूनच गेली पाहिजे, जात नसेल तर ठिपके सरकवा. ३) चुकांच्या कारणांत ‘मानवी चूक, हवेचा रोध, दोरा ताणला जाणे’ लिहा, मार्क फिक्स. अकरावीच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवा.”

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे फिजिक्स शिकायला येणारी एक मुलगी हा मेसेज वाचून जर्नलातली रीडिंग खोडायला निघाली होती. तिने कॉलेजच्या लॅबमध्ये खरोखर घेतलेला तक्ता असा होता. यात T म्हणजे एका दोलनाचा वेळ, आणि g म्हणजे 4π² गुणिले मीटरमधली लांबी, भागिले T²:

| दोऱ्याची लांबी (सेंमी) | २० दोलनांचा वेळ (सेकंद) | T² | g |
|---|---|---|---|
| ५० | २८.८ | २.०७ | ९.५२ |
| ६० | ३१.५ | २.४८ | ९.५५ |
| ७० | ३४.० | २.८९ | ९.५६ |
| ८० | ३६.३ | ३.२९ | ९.५९ |
| ९० | ३८.४ | ३.६९ | ९.६४ |

सरासरी ९.५७. “सर, सगळं चुकलंय, परत घेऊ द्यायचे नाहीत, मग उलटंच काढते,” असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, थांब जरा. आधी शेवटचा रकाना वरून खाली वाच.

आकडे नुसते कमी नाहीत, ते क्रमाने वाढताहेत. स्टॉपवॉच दाबायला कधी उशीर, कधी घाई झाली असती तर g कधी वर, कधी खाली गेलं असतं. इथे एकाच दिशेने चढ आहे, म्हणजे प्रत्येक ओळीत एकच चूक बसलेली आहे आणि लांबी वाढेल तसा तिचा वाटा घटतोय. गुजरीतल्या एखाद्या सराफाचा काटा रिकाम्या पारड्यालाच थोडा झुकलेला असला, तर अंगठीच्या वजनात तो फरक डोळ्यांवर येतो आणि पाटल्यांच्या वजनात लपून जातो, हे तसंच. मेसेजप्रमाणे वेळ उलटा काढला असता तर नेमका हा चढच पुसला गेला असता.

शिवाय उलटं काढलेलं पकडलं जातं. लॅबचं स्टॉपवॉच ०.१ सेकंद दाखवतं. ५० सेंमीला कॅल्क्युलेटर २८.३८ देतो, पोरं तेच उतरवतात, आणि परीक्षक पहिला प्रश्न विचारतो तो लघुतम मापाचा. एक दशांश स्थळ ठेवलं तरी सुटका नाही. लंबकाची खरी लांबी ५१.५ सेंमी असेल तर २८.७, २८.८ आणि २८.९ सेकंदांना g येतं अनुक्रमे ९.८७, ९.८० आणि ९.७४. एका रीडिंगमध्ये याच्या अधलंमधलं काही येऊच शकत नाही. पाचही ओळींत ९.८० असलेला तक्ता त्या स्टॉपवॉचने दिलेला नाही, हे जुन्या परीक्षकाला दुरूनच कळतं.

आता ग्राफ. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी, उभ्यावर T². पाच ठिपके जवळजवळ एका सरळ रेषेत बसले. पट्टी ठेवून, ठिपके दोन्ही बाजूंना सारखे राहतील अशी एकच रेषा ओढायची. ठिपक्याला ठिपका जोडत जाणं म्हणजे रांगोळी झाली. त्या रेषेवरचे दोन लांबचे बिंदू घेऊन चढ काढला, लांबी मीटरमध्ये धरून तो आला ४.०४. 4π² म्हणजे ३९.४८ याला ४.०४ ने भागलं की g = ९.७७. त्याच रीडिंगमधून, एकही आकडा न बदलता! तीच रेषा बळजबरीने शून्यातून नेली असती तर ९.५९ च्या आसपासच अडकली असती.

मग रेषा जाते कुठे? यासाठी आडवा अक्ष शून्याच्याही थोडा डावीकडून सुरू करायला हवा. कागद वाचवायला बरेच जण तो ५० पासूनच काढतात आणि सगळ्यात कामाची जागा कापून टाकतात. मागे वाढवलेली रेषा आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे साधारण १.४ सेंमीवर छेदते. म्हणजे ग्राफच सांगतोय की प्रत्येक लांबीत एवढं कमी मोजलंय. तिला विचारलं, मीटरपट्टी कुठपर्यंत लावलीस? “हुकापर्यंत.” लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. व्हर्निअरने मोजलेला गोळ्याचा व्यास तिच्याच जर्नलात आधीच्या पानावर होता, २.० सेंमी. त्रिज्या १.० आणि हुक ०.५, मिळून १.५. हे मिळवून पुन्हा गणित केल्यावर g आलं ९.८०, ९.७९, ९.७७, ९.७७, ९.८०. चढ गेला.

तिसऱ्या मुद्द्यातली तिन्ही कारणं निरुपयोगी आहेत, कारण ती कुठल्याही जर्नलात चिकटवता येतात. धातूच्या जड गोळ्याला हवा या अचूकतेत जाणवण्याइतकं अडवत नाही. ‘मानवी चूक’ म्हणजे कुठली, किती आणि कुठल्या दिशेला, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. वेळेतली ०.१ सेकंदाची अनिश्चितता २८.८ मध्ये सुमारे ०.३५ टक्के होते, g मध्ये T चा वर्ग असल्याने दुप्पट, ०.७. लांबीत ०.१ सेंमी म्हणजे ०.२. दोन्ही मिळून ०.९ टक्के. ९.५७ मधला फरक दोन टक्क्यांहून जास्त होता, म्हणून तो उपकरणाच्या माथी मारता येत नव्हता आणि दुसरं कारण शोधणं भाग होतं. एकाच दोलनाचा वेळ घेतला असता तर तेच ०.१ सेकंद सात टक्के झालं असतं. २० दोलनं त्यासाठी घेतात.

याच प्रयोगात आणखी एक चूक हमखास होते. ज्या क्षणी घड्याळ सुरू होतं तेव्हा ‘शून्य’ म्हणायचं, पोरं ‘एक’ म्हणतात. मग २० म्हणून मोजलेली दोलनं प्रत्यक्षात १९ असतात आणि g १०.८ च्या पुढे जातं. गंमत म्हणजे इथे पाचही ओळी सारख्याच प्रमाणात फुगतात आणि ग्राफची रेषा शून्यातून अगदी शहाण्यासारखी जाते, फक्त चढ कमी येतो. रेषा शून्यातून गेली म्हणून प्रयोग बरोबर, हे इथेच कोलमडतं. कोनाचंही तसंच: गोळा पाच अंशांच्या आत सोडला तर फरक नगण्य, पण वीस अंशांवर g सुमारे दीड टक्का कमी येतं.

आणि ९.८ चं म्हणाल तर कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथे g साधारण ९.७८ आहे. पुस्तकातल्या ९.८१ शी असलेला फरक ०.३ टक्का, म्हणजे आपल्या ०.९ च्या आतच. हा प्रयोग त्या दोघांत निवाडा करू शकत नाही.

तिने रीडिंग खोडली नाहीत. लांबीचा नवा रकाना जोडला आणि चुकांच्या कारणांत लिहिलं: “पहिल्या मोजणीत त्रिज्या व हुक धरले नव्हते, त्यामुळे g सुमारे दोन टक्के कमी, ग्राफच्या छेदावरून १.४ सेंमी, प्रत्यक्ष मोजून १.५ सेंमी.”